आजीची खडी आणि पाचशे शब्द: एका एक्स्टेंडेड एसेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका आयबी शाळेतलं, मे २०२४ च्या परीक्षेला बसलेल्या बॅचमधलं. मी तिथे इतिहास शिकवते आणि त्या वर्षी पाच मुलांच्या एक्स्टेंडेड एसेची सुपरवायझर होते. त्यातल्या एका मुलीच्या निबंधाबद्दल लिहिते आहे. तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत.

ज्यांचा आयबीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा. त्याच्या दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर जास्तीत जास्त ४,००० शब्दांचा संशोधन-निबंध लिहावा लागतो, तोच एक्स्टेंडेड एसे. शब्दमर्यादेपलीकडचा मजकूर परीक्षक वाचतच नाही. या बॅचला लागू असलेल्या पद्धतीत एकूण ३४ गुण होते. विषय नेमका आहे का आणि पद्धत योग्य आहे का याला ६, विषयाच्या जाणकारीला ६, चिकित्सेला १२, मांडणीला ४ आणि शेवटचे ६ 'एंगेजमेंट'ला, म्हणजे मुलगा किंवा मुलगी त्या संशोधनात स्वतः किती गुंतली होती याला.

हे शेवटचे सहा गुण निबंध वाचून मिळत नाहीत. त्यासाठी एक वेगळा फॉर्म असतो. सुरुवातीला, मध्यावर आणि अगदी शेवटी तोंडी चर्चा झाल्यावर अशा तीन वेळा विद्यार्थ्याने त्यावर आपल्या संशोधनाच्या वाटचालीबद्दल लिहायचं. तिन्ही नोंदी मिळून ५०० शब्द. फॉर्म कोरा असेल किंवा निबंधाच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत असेल, तर या निकषावर शून्य. आमच्या शाळेत आणखी एक नियम आहे: नोंदीवर सही-तारीख पडली की ती मागे जाऊन बदलायची नाही. हा नियम पुढे आमच्याच गळ्याशी आला.

पहिला पेच: विषय कुठे थांबतो

जानेवारी २०२३ मध्ये ती पहिल्यांदा विषय घेऊन आली तो असा: १९७२ च्या दुष्काळाचा महाराष्ट्रावर काय परिणाम झाला? मी विचारलं, दुष्काळच का? ती म्हणाली, "मॅम, माझ्या आजीने खडी फोडली आहे." आजी सोलापूर जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने काढलेल्या कामांवर ती गेली होती. नातीने लहानपणापासून मिलोच्या लाल ज्वारीच्या, सुकडीच्या गोष्टी ऐकलेल्या.

अशा वेळी शिक्षकाला भरून येतं. घरातली गोष्ट आहे, मूल मनापासून बोलतंय, आता सगळं छान होणार असं वाटतं. पण आजी असणं आणि प्रश्न असणं यांत फरक आहे. 'महाराष्ट्रावर परिणाम' या दोन शब्दांत शेती, जनावरं, स्थलांतर, शहरांतली महागाई, राजकारण आणि पुढे आलेला रोजगार हमीचा कायदा असं सगळंच मावतं. चार हजार शब्दांत यातल्या प्रत्येकाला एकेक पान मिळेल आणि निबंध शाळेच्या स्मरणिकेतल्या लेखासारखा होईल.

तिला वर २०१६ ची तुलनाही करायची होती. त्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं गेलं, ते तिला आठवत होतं. हा भाग एका मिनिटात निकाली निघाला. इतिहासाच्या निबंधात गेल्या दहा वर्षांतल्या घटना चालत नाहीत. हट्ट धरला असता तर निबंध इतिहासाचा राहिला नसता.

मार्चमध्ये ती दुसरा प्रश्न घेऊन आली: १९७२-७३ च्या दुष्काळी कामांनी राज्यातली उपासमार कितपत टाळली? हा प्रश्न खरोखर चांगला होता. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, आणि इतका मोठा दुष्काळ पडूनही मोठ्या संख्येने भूकबळी गेले नाहीत, याचं श्रेय अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी मुख्यतः या कामांना दिलं आहे. अडचण नेमकी तिथेच होती. त्यांनी जे राज्याच्या पातळीवर आकडे घेऊन केलं, त्याचा सतरा वर्षांच्या मुलीने केलेला सारांश एवढंच हातात आलं असतं. आजी प्रस्तावनेत एक परिच्छेद बसून पुढे गायब झाली असती.

इथे माझ्यापुढे दोन मार्ग होते. प्रश्न मीच घासूनपुसून द्यायचा किंवा तिला साहित्याकडे पाठवून थांबायचं. मी दुसरा निवडला, पण एक गोष्ट करायला सांगितली. आजीशी आणि आजीच्या गावातल्या आणखी चार-पाच बायकांशी बोल, ते लिहून घे, आणि मग सरकारी कागदात त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते बघ. दोन्हींत जिथे फट दिसेल तिथे तुझा प्रश्न आहे.

फट कुठे सापडली

मे महिन्यात ती गावी तीन आठवडे राहिली. परत आल्यावर पुण्यात गोखले संस्थेच्या ग्रंथालयात बसली, विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड चाळले, त्या काळातली मराठी वर्तमानपत्रं पाहिली. कामावरचे मूळ हजेरीपट मिळतात का म्हणून मामाला घेऊन एका सरकारी कार्यालयातही गेली. पन्नास वर्षांपूर्वीचे मस्टर आता कुठून मिळणार, असं उत्तर आलं.

तिला सापडलं ते असं. कागदावर मजुरी कामाच्या मापावर होती. शंभर घनफूट खडी म्हणजे एक ब्रास, ब्रासला अमुक दर. दगड बाईने फोडला की पुरुषाने, दरात भेद नाही. पण बायका सांगत होत्या ते वेगळं. काम टोळीला मिळायचं आणि माप टोळीचं व्हायचं. आजीचं वाक्य तिने जसंच्या तसं लिहून घेतलं होतं: "खडी मी फोडली गं, पर पैका ह्यांच्या हातात पडायचा. मुकादम बाईच्या हातात पैका द्यायचाच न्हाई."

दर समान, पण मजुरी हातात पडताना समान नाही. जूनमध्ये तिने प्रश्न नव्याने लिहून आणला. तो इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा होतो: १९७२-७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील दुष्काळी कामांवर मापानुसार मजुरी देण्याच्या पद्धतीने स्त्री-मजुरांना कागदावर असलेली समानता प्रत्यक्षात कितपत मिळाली?

काळ ठरला, जिल्हा ठरला, लोक ठरले आणि तपासायची एकच बाजू ठरली. प्रश्न नेमका झाला हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. काय वाचायचं नाही हे त्या प्रश्नावरून सांगता आलं पाहिजे. आधीच्या प्रश्नावर ती काहीही वाचून आली असती तरी चाललं असतं. आता पावसाच्या आकडेवारीचं पुस्तक तिने स्वतःहून परत केलं.

तरीही सप्टेंबरच्या मसुद्यात पहिले नऊशे शब्द पाऊस का पडला नाही यावरच होते. एवढं वाचलंय तर वापरू, हा मोह प्रत्येकालाच पडतो. सुपरवायझरला एकाच पूर्ण मसुद्यावर शेरे देता येतात आणि तिथेही वाक्यं दुरुस्त करायची नसतात. मी समासात फक्त एक प्रश्न लिहिला: "या परिच्छेदाने तुझ्या प्रश्नाचं काय उत्तर दिलं?" आणि तोच प्रश्न सलग पाच परिच्छेदांपुढे लिहिला. नऊशेचे अडीचशे झाले.

खरी अडचण: वही एक आणि फॉर्म दुसरा

नोव्हेंबरमध्ये निबंध तयार झाला. अंतिम तोंडी चर्चेच्या आधी आमच्याकडे अंतर्गत तपासणी होते. बाहेरच्या परीक्षकाच्या गुणांशी तिचा संबंध नसतो, पण आम्हाला अंदाजित ग्रेड द्यावी लागते. नियम असा की सुपरवायझरने एकदा तपासायचं आणि मुलाला न ओळखणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाने एकदा.

मी तपासलं. पहिल्या चार निकषांवर ५, ५, ९ आणि ४ असे तेवीस गुण दिले. पाचव्यावर सहापैकी सहा. एकूण २९, म्हणजे ए ग्रेड. तेव्हा २७ पासून पुढे ए होती.

दुसऱ्या तपासनीस भूगोलाच्या बाई. पहिल्या चार निकषांवर आमचा हिशोब तंतोतंत जुळला. पाचव्यावर त्यांनी २ दिले. एकूण २५, ग्रेड बी.

मी थोडी चिडूनच त्यांच्याकडे गेले. "या मुलीने भर उन्हात गावात फिरून मुलाखती घेतल्या आहेत, आणि दोन?"

त्यांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "असेल. इथे दाखव."

मी वाचलं. मार्चमधली पहिली नोंद अशी होती: आजीच्या संघर्षाने मला नेहमीच प्रेरणा दिली आहे. विषय निवडताना खूप विचार केला. पुढच्या काळात वेळेचं नियोजन करणं हे माझ्यासमोरचं आव्हान असेल. सप्टेंबरमधली दुसरी: मे महिन्यात मी पाच मुलाखती घेतल्या, ग्रंथालयाला भेट दिली, विधानसभेची कार्यवाही वाचली. माझी संशोधन-कौशल्यं सुधारली. मग मी मसुदा लिहिला.

दोन्ही मिळून ३१२ शब्द. त्यांत खोटं एक अक्षर नाही, आणि त्यात ती कुठेही नाही. पहिल्या नोंदीतली 'आजी' काढून 'आजोबा' घातले आणि दुष्काळाऐवजी भूकंप घातला तरी नोंद तशीच राहते. या निकषाच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. काय केलं याची निव्वळ यादी असेल तर एक-दोन गुण. आपण घेतलेल्या निर्णयांचं विश्लेषण असेल तर तीन-चार. अडचण आली तेव्हा विचार कसा बदलला आणि तो बदल बरोबर होता का, हे स्वतः जोखलं असेल तर पाच-सहा. बाईंचे दोन गुण चोख होते. माझे सहा गुण मला आठवत असलेल्या मुलीला होते, आणि परीक्षक तिला कधीच भेटणार नव्हता.

मग मी तिची संशोधनाची वही मागवली. प्रत्येक मुलाने ती ठेवायची असते, ती बाहेर पाठवली जात नाही. मे-जूनची पानं उघडली आणि डोक्याला हात लावला. एक पान इथे देते, तिच्या परवानगीने.

"आजी म्हणते दुष्काळात रोजगार हमीवर होते. पण हमीचा कायदा १९७७ चा, लागू १९७९ ला. मग आजी कुठलं काम सांगते आहे? विचारलं तेव्हा म्हणाली, थोरला पोटात व्हता तवाचं. थोरला मामा १९७३ चा. म्हणजे खडीची आठवण बहात्तर-त्र्याहत्तरचीच. पण मजुरीचा आकडा? तो नंतरच्या पाझर तलावाच्या कामाचाही असू शकतो. शेजारच्या काकूंनी सांगितलेल्या आकड्याचंही तेच. आकडे वापरू नको. पैसे कोणाच्या हातात द्यायचे हे मात्र पाचही जणी सांगतात, ते वापर."

इतिहासाच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, याहून जास्त काय हवं? ग्रामीण भागात सरकारी कामाला सरसकट 'रोजगार हमी' म्हणायची सवय पुढे पडली. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, दुष्काळातली कामं आणि नंतरचा कायदा हे सगळं आठवणीत एकाच नावाखाली जातं. मुलीला ते स्वतःहून लक्षात आलं. बाळंतपणाच्या वर्षावरून आठवणीचं वर्ष पक्कं केलं, आणि स्वतःच्या आजीची साक्ष अर्धी घेऊन अर्धी बाजूला ठेवली. आजी हा तिचा भावनिक धागा होता. ती गुंतली होती याचा पुरावा मात्र आजीवर शंका घेणाऱ्या या पानात होता.

हे सगळं फॉर्मवर का आलं नाही? माझ्या मते याला दोन कारणं होती. एक भाषेचं. वही मराठीत होती, मध्ये मध्ये इंग्रजी. निबंध इंग्रजीत, म्हणून फॉर्मही इंग्रजीत हवा. फॉर्म भरायला बसली की ती 'शाळेच्या इंग्रजीत' जायची, आणि त्या इंग्रजीत तिच्याकडे प्रेरणा, आव्हान, कौशल्य असे तयार शब्द होते. "आकडे वापरू नको" असं खडबडीत वाक्य फॉर्ममध्ये शोभत नाही असं तिला वाटत होतं. दुसरं कारण मी. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये मी त्या नोंदी वाचल्या, सही केली आणि पुढे गेले. मला माहीत होतं ते तिनेही लिहिलंय असं मी धरून चालले होते.

समोर असलेले मार्ग

फॉर्ममध्ये १८८ शब्द शिल्लक होते. अंतिम चर्चा दहा दिवसांवर.

जुन्या नोंदी नव्याने लिहून घ्याव्यात असं एका सहकाऱ्याने सुचवलं. "तारीख तीच ठेवायची, कोण बघतंय?" हे मी लगेच बाजूला ठेवलं. कारण निव्वळ शाळेचा नियम नव्हता. मार्चमध्ये तिला जे माहीत नव्हतं ते मार्चच्या नोंदीत घालणं म्हणजे प्रवासाची खोटी नोंद. ज्या मुलीने आजीच्या आठवणीतलं वर्ष तपासलं, तिच्याकडूनच कागदावरची तारीख खोटी करून घ्यायची?

दुसरा मार्ग माझ्या हातात होता. फॉर्मवर सुपरवायझरचाही शेरा असतो. त्यात मी वहीतली सगळी हकीकत लिहू शकले असते. मोह झाला. पण माझा शेरा हा आधार असतो, गुण तिच्या स्वतःच्या शब्दांवर ठरतात. शिवाय तिने न लिहिलेलं मी लिहिलं की वाचणाऱ्याला उलट प्रश्न पडतो: शिक्षकाला एवढं दिसलं, मग विद्यार्थिनीला का नाही?

काहीच न करणं हाही मार्ग होता, आणि नुसत्या नियमाच्या दृष्टीने तो सगळ्यात सुरक्षित होता. पण हिशोब बघा. टीओकेमध्ये, म्हणजे ज्ञानाच्या स्वरूपावरच्या आयबीच्या विषयात, तिला बी येईल असा अंदाज होता. एसेत ए आली तर दोन्ही मिळून डिप्लोमाचे तीन गुण, बी आली तर दोन. एका गुणाने परदेशातल्या विद्यापीठाची अट चुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

राहिलेला मार्ग असा: अंतिम चर्चा नीट घ्यायची, आणि उरलेल्या १८८ शब्दांत तिला जे सांगायचंय ते तिने सांगायचं. काय लिहायचं हे मी सांगणार नाही. मी फक्त प्रश्न विचारणार.

काय केलं

चर्चेला तिला वही घेऊन बोलावलं. वीसेक मिनिटं बोललो. मी चारच प्रश्न ठरवले होते आणि ते भूगोलाच्या बाईंना आधी दाखवले होते, म्हणजे मी तिच्या तोंडी उत्तर घालत नाही ना हे बघायला तिसरं माणूस असेल. तुझा प्रश्न कितीदा बदलला आणि प्रत्येक वेळी कशामुळे? काय सापडलं होतं पण वापरलं नाहीस? कोणत्या पुराव्यावर तुझा सगळ्यात कमी विश्वास आहे? पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील?

दुसऱ्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीने सांगितलेले पैसे." आणि पाठोपाठ, "ते आजीला सांगितलं नाहीये मी. तिला वाटेल मी तिला खोटं ठरवलं."

मी काही बोलले नाही. शेवटच्या प्रश्नावर तिने सांगितलं की पाचही बायका आजीच्या ओळखीच्या, एकाच गावातल्या, बहुधा एकाच टोळीतल्या होत्या. म्हणजे 'पाचही जणी तेच सांगतात' याला तिला वाटलं होतं तेवढं वजन नाही. दुसऱ्या गावातल्या दोघींशी बोलायला हवं होतं. हे वहीतही नव्हतं. ते तिथे बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं.

दोन दिवसांनी तिने तिसरी नोंद लिहिली, १८१ शब्दांची. पहिलं वाक्य होतं: माझ्या आजीने मला सांगितलेला मजुरीचा आकडा मी या निबंधात वापरलेला नाही. त्यानंतर का, ते. मग एकाच टोळीच्या साक्षीची मर्यादा. शेवटची तीस-चाळीस अक्षरं मात्र पुन्हा 'या प्रवासाने मला खूप काही शिकवलं' कडे गेली. मला ती खटकली. सांगितलं नाही.

माझ्या शेऱ्यात मी एवढंच लिहिलं की चर्चेत तिने पुराव्याच्या मर्यादांबद्दल बोलताना स्वतःच्या निष्कर्षात बदल सुचवला, आणि निबंधातल्या मुलाखतींची मूळ टिपणं मी पाहिली आहेत.

भूगोलाच्या बाईंनी आणि मी फॉर्म पुन्हा तपासला. त्यांनी ४ दिले. मी आधी ५ म्हटलं, मग त्यांनी पहिल्या दोन नोंदी पुन्हा पुढे सरकवल्या आणि मी ४ वर आले. तिन्ही नोंदींचा मिळून एकच गुण असतो, आणि तिसरी कितीही चांगली असली तरी पहिल्या दोन तिला मागे ओढतात. एकूण २७. अंदाजित ग्रेड ए, अगदी उंबरठ्यावरची.

निकाल

जुलै २०२४ मध्ये निकाल आला. ग्रेड बी.

कोणत्या निकषावर किती गुण गेले हे निकालावर नसतं. एक गुण इकडेतिकडे झाला तरी २७ चे २६ होतात, त्यामुळे तो नेमका फॉर्मवर गेला की चिकित्सेवर, यावर तर्क करण्यात अर्थ नाही. तिला हवा होता तिथे प्रवेश मिळाला, त्यामुळे फेरतपासणी मागितली नाही.

आज पुन्हा करायचं तर

सगळ्यात आधी मी सप्टेंबरची सही थांबवेन. मधल्या नोंदीवर सही करण्याआधी वही आणि नोंद शेजारी ठेवून वाचायला दहा मिनिटं लागतात. मी ती दिली असती तर 'मी मुलाखती घेतल्या' या वाक्यापाशी "आणि त्यातलं काय सोडलंस?" एवढं विचारता आलं असतं. सही व्हायच्या आधी विचारलेला प्रश्न मार्गदर्शन असतो. सही झाल्यावर विचारलेला प्रश्न डागडुजी होते, आणि या प्रकरणात मी डागडुजीच केली.

पहिली नोंदही मी उशिरा लिहून घेईन. मार्चमध्ये तिने एकही मूळ साधन पाहिलं नव्हतं, तेव्हा तिच्याकडे प्रेरणेशिवाय लिहायला होतं काय? आता मी मुलांना किमान एक कागद किंवा एक मुलाखत हाताळल्याशिवाय पहिल्या चर्चेलाच बसवत नाही.

भाषेबद्दल एक छोटा उपाय सापडला आहे. मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत मूल स्वतःशी बोलतं त्या भाषेत वही ठेवू द्यायची, पण नोंद लिहिताना वहीतलं एक वाक्य उचलून तेच इंग्रजीत आणायचं, जसंच्या तसं, खडबडीत असलं तरी. नव्याने 'चांगलं' वाक्य रचायचं नाही. सगळ्यांना जमत नाही. एका मुलाने तर वहीच आधी इंग्रजीत सुंदर करून आणली, त्याचा अर्थातच उपयोग शून्य.

एका बाबतीत माझं अजून ठरत नाही. चर्चेतले चार प्रश्न मी आधी ठरवले, त्यांतला दुसरा प्रश्न मला उत्तर माहीत असूनच विचारला होता. हे मार्गदर्शनाच्या मर्यादेत बसतं असं भूगोलाच्या बाईंचं म्हणणं, कारण प्रश्न कोणत्याही निबंधाला लागू पडतो. मला तेवढी खात्री नाही. आता मी तेच चार प्रश्न पाचही मुलांना विचारते, वही न वाचता.

२०२७ पासून होणाऱ्या परीक्षांसाठी पद्धत बदलली आहे. एकूण गुण ३० झाले, त्यांतले ४ या आत्मपरीक्षणाला, आणि तीन नोंदींऐवजी अंतिम चर्चेनंतर एकच ५०० शब्दांचं निवेदन. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीसारख्या पोकळ पहिल्या दोन नोंदी आता आड येणार नाहीत. पण सगळं लिहायचं ते शेवटी, वर्षभराने, आणि तेव्हा कोणती गोष्ट कधीची हे आठवायला मुलांकडे वहीतल्या तारखांखेरीज काही नसेल. आजीला निदान थोरला होता.

गेल्या दिवाळीत ती मुलगी भेटायला आली होती. आजीला निबंध वाचून दाखवलास का, विचारलं. म्हणाली, मराठीत सांगितला सगळा. आकड्याचंही सांगितलं. आजी म्हणाली, "बरं केलंस. मलाबी त्यो नीट आठवत न्हवता."